शेवटचा परिच्छेद

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी आमची नात चार कागद घेऊन आमच्यासमोर येऊन बसली. यंदा तिची स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी पूर्ण झाली असून युरोपातील एका विद्यापीठात जलविज्ञानाच्या पुढील अभ्यासासाठी तिला अर्ज करावयाचा होता. गुणपत्रिका, शिफारसपत्रे, भाषेची परीक्षा हे सारे जमले होते. अडले होते ते एकाच ठिकाणी. अर्जासोबत स्वतःविषयी आठशे शब्दांचे एक निवेदन द्यावे लागते. हा विषय का, हाच अभ्यासक्रम का, आपण आजवर काय केले, पुढे काय करण्याचा विचार आहे, इतके त्यात सांगायचे असते. मुले त्यास 'पर्सनल स्टेटमेंट' किंवा 'एसओपी' म्हणतात. बडोद्यातील आपल्या मराठी घरांतून आता दरसाल दोनचार मुले तरी या वाटेने जातात, त्यामुळे हा शब्द आपल्या वाचकांस अपरिचित नसावा.

"आजोबा, सगळं लिहून झालंय," ती म्हणाली. "फक्त शेवट नीट वाटत नाही. तुम्ही इतकी वर्षं निबंध तपासलेत, तेवढा शेवट बघा."

आम्ही एकतीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकविले. प्रस्तावना, विस्तार, उपसंहार ही निबंधाची तीन अंगे आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिली असतील त्याची गणती नाही. 'प्रारंभी मांडलेला विचार शेवटी पुन्हा एकवार सांगावा आणि एखाद्या उदात्त संकल्पाने निबंध संपवावा,' हे वाक्य आम्ही शेकडो मुलांकडून वहीत उतरवून घेतले आहे. नातीचा शेवटचा परिच्छेद वाचताना ते वाक्यच आमच्यापुढे चालत आल्यासारखे वाटले.

निवेदन अर्थात इंग्रजीत होते, येथे त्याचा आशय मराठीत देतो. आरंभ असा होता: २०१९ च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी आमच्या घराच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढले होते, आणि सोळा वर्षांची ती वरच्या पायरीवर बसून ते रात्रभर पाहत होती. मध्ये पदवीच्या अभ्यासाचे दोन परिच्छेद, मग शेवटच्या वर्षीच्या प्रकल्पाची माहिती, मग त्या विद्यापीठातील विषयांचा उल्लेख. आणि शेवट असा:

'अशा रीतीने २०१९ च्या त्या रात्रीने मला पाण्याच्या अभ्यासाकडे वळविले. स्थापत्य अभियांत्रिकीच्या शिक्षणाने माझा पाया भक्कम झाला आहे. आपल्या नामवंत विद्यापीठात मिळणाऱ्या ज्ञानाच्या बळावर मी भारतातील शहरे पूरमुक्त करीन. शिक्षण पूर्ण होताच मी मायदेशी परतेन आणि जगाचे जलसंकट सोडविण्यास माझे आयुष्य वाहीन. माझ्या अर्जाचा विचार केल्याबद्दल मी आपली आभारी आहे.'

व्याकरणाची चूक एकही नव्हती. आमच्या वर्गात या परिच्छेदास आम्ही दहांपैकी आठ गुण दिले असते. तरीही वाचून झाल्यावर मनात काहीच उरले नाही. जिन्यावरची मुलगी पहिल्या परिच्छेदात डोळ्यांपुढे उभी राहिली होती, ती या परिच्छेदात कोठेतरी दिसेनाशी झाली होती. असे का झाले असावे याचा विचार करीत आम्ही दोन दिवस ते कागद जवळ ठेवून घेतले. जे उमगले ते येथे सांगत आहोत, कारण आमच्या फळ्यावरचे ते वाक्य पाठ करून गेलेली बरीच मंडळी आज स्वतः आईबाप आहेत आणि मुलांचे अर्ज वाचीत आहेत.

प्रथम आम्ही एक साधे काम केले. शेवटच्या परिच्छेदातील प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने एकेक शब्द लिहिला. जे आधी येऊन गेले आहे त्यासमोर 'जुने', जे कोणीही लिहू शकेल त्यासमोर 'कोणाचेही' आणि ज्याने वाचणाऱ्याच्या माहितीत भर पडते त्यासमोर 'नवे'. पहिली दोन वाक्ये जुनी निघाली. तिसरे, चौथे आणि आभाराचे पाचवे ही कोणाचीही निघाली. 'नवे' हा शब्द एकदाही लिहावा लागला नाही. आठशे शब्दांपैकी जवळजवळ नव्वद शब्द खर्च होऊन वाचणाऱ्याच्या पदरात काही पडले नव्हते.

आता 'जुन्या'चा विचार करू. सांगितलेले पुन्हा सांगावे ही रीत मुळात कानासाठी आहे. सभेत वक्ता तासभर बोलतो, श्रोत्यास मागचे पान उलटता येत नाही, म्हणून अखेरीस मुद्द्यांची उजळणी करणे त्यास भाग असते. दोन पानांचे निवेदन वाचणाऱ्याचे तसे नसते. त्याने पहिला परिच्छेद चारपाच मिनिटांपूर्वीच वाचलेला असतो आणि तो त्याच्या हातातच असतो. त्याला तेच पुन्हा सांगितले की 'या मुलीजवळ सांगण्यासारखे संपले' एवढाच बोध होतो.

पण आरंभाकडे परत जाणे आणि आरंभाची पुनरुक्ती करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्याकडे ज्यांनी नारदीय कीर्तन ऐकले आहे त्यांस हे चटकन पटेल. बुवा पूर्वरंगात अभंग घेतात, त्याचे निरूपण करतात. उत्तररंगात आख्यान लावतात. आणि आख्यान संपता संपता पुन्हा त्याच मूळ अभंगावर येतात. शब्द तेच असतात, पण मधल्या आख्यानामुळे श्रोत्याला ते वेगळे ऐकू येतात. मधे काही घडले असेल तरच परत येण्यात गोडी असते. नातीच्या निवेदनात २०१९ ची रात्र शेवटी जशीच्या तशी आली होती. मधल्या सहा वर्षांनी त्या रात्रीचा अर्थ तिच्यापुरता किती बदलला, हे मात्र कोठेच नव्हते.

'कोणाचेही' वाक्य ओळखण्यासाठी आम्ही दोन कसोट्या लावल्या. पहिली कसोटी शेजाऱ्याची. अर्जावरचे नाव झाकावे आणि शेजारच्या मुलाचे नाव घालून वाक्य वाचावे. आमच्या शेजारचा मुलगा हिशेबतपासणीचा अभ्यास करतो. 'आपल्या नामवंत विद्यापीठात मिळणाऱ्या ज्ञानाच्या बळावर' हे शब्द त्याच्या अर्जातही बिनतक्रार बसले. दुसरी कसोटी उलट्या वाक्याची. वाक्याचा अर्थ उलटा करून पाहावा आणि असे कोणी कधी लिहील का ते स्वतःस विचारावे. 'मी शहरे पुरात बुडू देईन' असे कोणीही लिहिणार नाही. ज्याच्या विरुद्ध कोणी बोलणारच नाही असे विधान करून माणूस स्वतःविषयी काहीच सांगत नसतो.

प्रतिज्ञेचा आणखी एक दोष आहे. ती तपासता येत नाही. शहरे पूरमुक्त करणे हे एका माणसाच्या हाती नाही. त्यात राज्यसरकार आहे, महानगरपालिका आहे, नदीकाठची बांधकामे आहेत, वरचे धरण आहे. जी व्यक्ती या विषयाचा खरा अभ्यास करू पाहते तिला हे सर्वांत आधी ठाऊक असावयास हवे. म्हणून जलविज्ञानाच्या प्राध्यापकाने असे वाक्य वाचले तर मुलीच्या उत्साहापेक्षा तिची अपुरी समज त्याच्या डोळ्यांत भरण्याचा संभव अधिक.

तिसऱ्या दिवशी आम्ही नातीला बोलावले आणि शेवटचा परिच्छेद पूर्ण झाकून निवेदन मोठ्याने वाचावयास सांगितले. हा प्रयोग कोणीही करून पाहावा. पुष्कळदा असे आढळते की लेख उपान्त्य परिच्छेदातच संपलेला असतो आणि शेवटचा परिच्छेद केवळ सवयीने जोडलेला असतो. तसे असेल तर काम सोपे. तो परिच्छेद काढावा आणि पुढे जावे. येथे मात्र तसे झाले नाही. परिच्छेद झाकल्यावर निवेदन विद्यापीठातील विषयांच्या यादीवर येऊन थांबत होते, गाडी दोन स्थानकांच्या मधेच उभी राहावी तसे. म्हणजे शेवट हवा होता. फक्त तो अजून लिहिला गेला नव्हता.

"तुझ्या प्रकल्पात तुला काय कळलं, ते तू लिहिलंयस," आम्ही म्हणालो. "काय कळलं नाही?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ते लिहिण्यासारखं नाही, आजोबा. प्रकल्प तिथेच चुकला."

आणि मग तिने जे सांगितले ते त्या चार कागदांत कोठेही नव्हते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पुन्हा पूर आला. काळाघोडा पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी २६ फूट धरतात; त्या वेळी पाणी ३५ फुटांच्या वर गेले. त्या पुरात आमच्या जिन्याच्या सहा पायऱ्या बुडाल्या. पुढे शेवटच्या वर्षी तिने प्रकल्पासाठी आमच्याच वस्तीतील कांस घेतली. (बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयाचे तर पावसाचे पाणी नदीकडे वाहून नेणाऱ्या मोठ्या नाल्यास येथे सर्वजण कांस म्हणतात.) किती पाऊस पडला, किती पाणी जमिनीत मुरले, कांशीत किती मावते, असा हिशेब तिने संगणकावर मांडला. हिशेब सांगत होता की पाऊस थांबल्यावर रात्रीपर्यंत गल्ली रिकामी व्हावयास हवी. प्रत्यक्षात पाऊस थांबल्यावरही पाणी चढतच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पायऱ्या पाण्याखालीच होत्या. ते आकाशातून येत नव्हते. गल्लीतल्या गटाराच्या झाकणातून ते वर उसळत होते, हे तिने स्वतः पाहिले होते.

"मी धरून चालले होते की कांस नदीत मोकळी रिकामी होते," ती म्हणाली. "पण नदी कांशीच्या तोंडापेक्षा वर चढली की पाणी बाहेर जाणार कुठे? उलट नदीच आत येते. माझ्या गणितात नदीची पातळी स्थिर धरली होती. ते कळलं तेव्हा प्रकल्प सादर करायला आठवडा उरला होता. मी अहवालात दोन ओळींत ती मर्यादा लिहिली आणि पुढे गेले."

ज्या निवेदनात हिशेब बरोबर आल्याचे लिहिले होते त्यापेक्षा ही हकीकत कितीतरी मोलाची आहे असे आम्हांस वाटले. पण आमचाही हात थोडा अडखळला. अर्जात स्वतःची चूक सांगावी काय? आणि तीही शेवटी, जेथे वाचणाऱ्याचा निरोप घ्यावयाचा असतो? आम्ही दोघांनी बराच खल केला आणि असे ठरविले की चूक मध्यभागी, प्रकल्पाच्या परिच्छेदात सांगावी. त्या चुकीतून निघालेला प्रश्न मात्र शेवटी ठेवावा. चूक शेवटी आली तर ती कबुलीजबाबासारखी वाटते. प्रश्न शेवटी आला तर तो पुढच्या अभ्यासाचे कारण होतो. कमी गुण, वाया गेलेले वर्ष, आजारपण अशा गोष्टींनाही हाच न्याय लागू आहे. त्या सांगावयाच्या असतील तर मधे, थोडक्यात सांगाव्या. शेवटच्या ओळींत त्या प्रथमच उपस्थित केल्या तर वाचणारा त्याच मनात घेऊन कागद खाली ठेवतो.

एवढे ठरले आणि मग खरी अडचण उभी राहिली. ती आमच्या घरातलीच होती.

'शिक्षण पूर्ण होताच मी मायदेशी परतेन' हे वाक्य आम्ही खोडण्यासाठी पेन्सिल उचलली तेव्हा सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "तेवढं एक वाक्य राहू द्या," त्या म्हणाल्या. "ते काही खोटं नाही."

त्यांचा मुलगा, म्हणजे नातीचा काका, एकोणीस वर्षांपूर्वी दोन वर्षांसाठी म्हणून गेला तो तिकडचाच झाला. त्यामुळे त्या वाक्यावर त्यांचा जीव का होता ते आम्हांस कळत होते. खरे सांगावयाचे तर पहिल्या वाचनात ते वाक्य आम्हांसही आवडले होते. आमची कसोटी लावण्यात आम्ही इतर वाक्यांच्या बाबतीत जितके तत्पर होतो तितके या वाक्याच्या बाबतीत नव्हतो, हे कबूल केले पाहिजे. परदेशातील प्राध्यापकाला उद्देशून लिहिलेले ते वाक्य आम्ही दोघे आपल्यालाच लिहिलेल्या पत्रासारखे वाचीत होतो.

वचन म्हणजे काय याचा एक नमुना याच शहराच्या इतिहासात आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांनी करून दिला होता. त्यात जग बदलण्याची भाषा नव्हती. कोणाची नोकरी आणि किती वर्षे, एवढाच मजकूर. ते १९१७ साली त्याप्रमाणे येथे आलेही. या शहराने त्यांना राहावयास जागा मिळू दिली नाही आणि त्यांना परत जावे लागले. तो करार कोणामुळे निष्फळ झाला हे आपण बडोदेकरांनी विसरू नये. येथे आमचा मुद्दा इतकाच की ज्या वचनात पक्ष, काम आणि मुदत असते ते कागदावर लिहिण्याजोगे असते. नातीजवळ असा कोणाशीही करार नव्हता.

आम्ही पेन्सिल खाली ठेवली आणि तिलाच विचारले.

ती आजीकडे पाहून म्हणाली, "आजी, मला यावंसं वाटतं. पण लिहून देण्याइतकं मला ठाऊक नाही. मी लिहिलं ते तिकडच्या लोकांना बरं वाटेल म्हणून लिहिलं."

सौ. काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी चहा ठेवला. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "मग खोडा." आणि नातीच्या हातात कप देताना तिच्या पाठीवरून एकदा हात फिरविला. ते वाक्य आम्ही खोडले नाही, तिने स्वतः खोडले.

शेवटच्या परिच्छेदाची नवी रचना करताना आम्ही तीन गोष्टी ठरवून घेतल्या. एक, त्यात तिला न सुटलेला एक प्रश्न असावा, आणि तो इतका नेमका असावा की दुसऱ्या कोणाचा वाटू नये. दोन, त्या प्रश्नासाठी या अभ्यासक्रमातील नेमके काय हवे ते सांगावे. प्राध्यापकांच्या नावांची माळ ओवून त्यांची स्तुती करू नये. ज्या विषयाचा आपल्या प्रश्नाशी संबंध आहे तो एकच घ्यावा. तीन, काही वचन द्यावयाचेच तर ते आज हातात असलेल्या गोष्टीचे द्यावे. लांबी साठ ते ऐंशी शब्द. एकंदर मजकुराच्या दहाव्या हिश्शाहून शेवट मोठा झाला तर समजावे की आपण पुन्हा भाषण करू लागलो आहोत.

पहिला खर्डा नीट उतरला नाही. प्रतिज्ञा टाळण्याच्या नादात तिने लिहिले: 'नदी अजून वाहते आहे, आणि मी अजून पायरीवर बसले आहे.' वाक्य ऐकावयास गोड होते, पण त्यातून काहीच निष्पन्न होत नव्हते. पुनरुक्ती आणि प्रतिज्ञा या दोन खड्ड्यांतून वाचलेली मुले बहुधा या तिसऱ्या खड्ड्यात पडतात. काव्यमय ओळ, थोर पुरुषाचे वचन किंवा एखादा विनोद शेवटी ठेवला की लेख संपल्याचा भास होतो, पण प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. थोरांचे वचन घ्यावे तर शेवटचा शब्द आपला न राहता त्यांचा होतो. आभाराचे वाक्यही तिने काढले. आभार पत्रात शोभतात. हे पत्र नव्हे, आणि मोजून दिलेल्या शब्दांत त्यांना जागा नसते.

दुसरा खर्डा असा झाला:

'नदी चढलेली असताना कांशीचे तोंड किती तास बंद राहते, आणि तेवढ्या वेळात वस्तीत पडणारे पाणी कोठे थांबवून धरावे, हा प्रश्न मला माझ्या आजच्या साधनांनी सोडविता आलेला नाही. आपल्या दुसऱ्या सत्रात नदी आणि शहराचा निचरा यांचे गणित एकत्र मांडावयास शिकवितात. मला नेमके तेच हवे आहे. त्या सत्रातील प्रकल्पासाठी मी आमच्या जिन्यावरील दोन पुरांच्या खुणांची मोजमापे आणि काळाघोडा पुलावरील पातळीच्या नोंदी सोबत आणीन.'

हा परिच्छेद वाचताना जिना पुन्हा आला, पण आता तो भिजलेल्या मुलीच्या आठवणीतला जिना राहिला नव्हता, मोजपट्टी झाला होता. आरंभीचे एकही वाक्य पुन्हा न लिहिता लेख आरंभाकडे परत गेला होता. 'आणीन' हे वचन आहेच. पण ते पाळले की नाही हे पहिल्याच वर्षी कोणीही पाहू शकेल. पेन्सिल घेऊन आम्ही पुन्हा वाक्यांसमोर शब्द लिहिले. चारही वाक्यांसमोर 'नवे' असे लिहावे लागले. शेजारच्या मुलाचे नाव घातले तर एकही वाक्य त्याला लागू पडेना.

येथे दोन गोष्टी सांगून ठेवतो, नाहीतर कोणी हीच चौकट सर्वत्र लावावयास जाईल. ब्रिटनमधील पदवीच्या अभ्यासक्रमांसाठी 'यूकास'मार्फत जो अर्ज जातो त्याची रीत २०२६ च्या प्रवेशापासून बदलली आहे. पूर्वी तेथे चार हजार अक्षरांचे एक सलग निवेदन असे. आता तीन वेगवेगळे प्रश्न असतात आणि तिन्ही उत्तरे मिळून चार हजार अक्षरांत बसवावी लागतात. रिकाम्या जागाही अक्षरांतच मोजल्या जातात. हा विषय का, शिक्षणाने तयारी कशी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केले, असे ते प्रश्न आहेत. तेथे सबंध लेखाचा म्हणून वेगळा उपसंहार लिहूच नये. तिसरे उत्तर पूर्ण झाले की निवेदन संपले. जी मुले जुन्या नमुन्यावरून शिकतात ती तिसऱ्या उत्तराच्या शेपटाला सर्वांचा समारोप जोडतात आणि खरे उत्तर तोकडे करून बसतात.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्त्यांची. काही शिष्यवृत्त्यांच्या अर्जांत 'शिक्षणानंतर तुम्ही काय कराल' असे स्पष्ट विचारलेले असते. तेथे भविष्याविषयी मौन धरणे म्हणजे प्रश्न चुकविणे होय. पण तेथेही उत्तर पहिल्या दोनतीन वर्षांचे असावे: कोणत्या प्रकारच्या कार्यालयात, कोणते काम, कोणासाठी. नातीने अशाच एका अर्जात लिहिले की नगरपालिकांसाठी पावसाच्या निचऱ्याचे आराखडे करणाऱ्या कार्यालयात तिला प्रथम काम करावयाचे आहे, कारण नदीच्या पातळीचे गृहीतक तेथेच धरले जाते. हे तिला खरोखरच करावयाचे होते, म्हणून ते लिहिताना तिला काही जड गेले नाही.

अर्ज पाठविण्याच्या आदल्या रात्री ती उशिरापर्यंत जिन्यात काहीतरी करीत होती. सकाळी आम्ही दूध घेण्यास खाली उतरलो तेव्हा भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा दिसल्या. प्रत्येक पायरीची उंची तिने फीतपट्टीने मोजून लिहिली होती. तिसऱ्या पायरीशी '२०१९, २१ इंच' आणि सहाव्या पायरीशी '२०२४, ४२ इंच'. त्याखाली कांशीच्या झाकणापासूनचे अंतर होते आणि एक प्रश्नचिन्ह होते.

पुढच्या महिन्यात जिन्याला रंग द्यावयाचा आहे. रंगारी मोजमाप घ्यावयास आला तेव्हा सौ. त्याला त्या भिंतीपाशी घेऊन गेल्या आणि तेवढा तुकडा सोडून रंग लाव म्हणून सांगितले. तो म्हणाला, "काकी, वाईट दिसेल." त्या म्हणाल्या, "दिसू दे. मोजणारीला लागेल."